एनपीएसमधला आपला हिस्सा, शासनाचा हिस्सा आणि आयकर



फेब्रुवारीचा पगार आला की अंबड तालुक्यातल्या प्रत्येक स्टाफरूममध्ये एकच विषय असतो. कोणाचा किती टॅक्स कापला? त्यात १ नोव्हेंबर २००५ नंतर नोकरीला लागलेल्यांची अडचण वेगळी. त्यांच्या पगारातून आधी डीसीपीएस आणि नंतर एनपीएसची कपात होते. शासनही त्यात आपला हिस्सा टाकतं. या दोन रकमांचं आयकरात काय करायचं, यात घोळ झाला की हजारो रुपये जास्तीचे कापले जातात. म्हणून आज हा एकच मुद्दा नीट समजून घेऊ. पालकांपैकी जे सरकारी नोकरीत आहेत, त्यांनाही हेच गणित लागू आहे.

दोन हिस्से, दोन नियम

मूळ वेतन आणि महागाई भत्ता यांच्या बेरजेवर १० टक्के रक्कम आपल्या पगारातून कापली जाते. शासनाचा हिस्सा आधी १० टक्केच होता, १ एप्रिल २०१९ पासून तो १४ टक्के झाला. दोन्ही रकमा आपल्या प्रान खात्यात जमा होतात.

आपला १० टक्के हिस्सा हा आपल्याच पगाराचा भाग आहे. जुन्या करप्रणालीत त्याची वजावट मिळते, नवीन प्रणालीत मिळत नाही. "पगारातून कापलंय, म्हणजे टॅक्समधूनही वजा होणार" असं अनेकांना वाटतं, पण नवीन प्रणालीत तसं होत नाही.

शासनाचा १४ टक्के हिस्सा आपल्या हातात येत नाही, तरी कायदा त्याला पगारच मानतो. म्हणून तो आधी एकूण उत्पन्नात मिळवायचा आणि मग कलम ८०सीसीडी(२) खाली वजा करायचा. ही वजावट नवीन करप्रणालीतही चालते. २०२४-२५ या आर्थिक वर्षापासून नवीन प्रणालीत तिची मर्यादा सर्वच नोकरदारांसाठी मूळ वेतन अधिक महागाई भत्त्याच्या १४ टक्के आहे.

म्हणजे मिळवलं आणि वजा केलं, बाकी शून्य. मग गडबड कुठे होते? विवरणपत्रात रक्कम मिळवली जाते, आणि "नवीन प्रणालीत वजावटी नसतात" असं समजून वजा करायची राहून जाते.

उदाहरण बघू

समजा, अंबड तालुक्यातल्या जिल्हा परिषद प्रशालेत २००६ साली लागलेले एक शिक्षक आहेत. मूळ वेतन आणि महागाई भत्ता मिळून महिन्याला १,००,००० रुपये, म्हणजे वर्षाचे १२,००,०००. घरभाडे व इतर भत्ते ७०,०००. आर्थिक वर्ष २०२५-२६, करप्रणाली नवीन. शासनाचा हिस्सा १४ टक्क्यांनी १,६८,००० रुपये.

बरोबर पद्धत अशी:

- पगार व भत्ते: १२,७०,०००
- शासनाचा हिस्सा मिळवला: १४,३८,०००
- प्रमाणित वजावट ७५,००० वजा: १३,६३,०००
- ८०सीसीडी(२) चे १,६८,००० वजा: ११,९५,०००

करपात्र उत्पन्न १२ लाखांच्या आत आलं, त्यामुळे कलम ८७ए ची सवलत मिळून कर शून्य.

आता शेवटची ओळ राहून गेली असं समजा. करपात्र उत्पन्न १३,६३,००० वरच थांबतं. ४ ते ८ लाखांवर ५ टक्क्यांनी २०,०००, ८ ते १२ लाखांवर १० टक्क्यांनी ४०,००० आणि उरलेल्या १,६३,००० वर १५ टक्क्यांनी २४,४५०. एकूण ८४,४५०, त्यावर ४ टक्के उपकर ३,३७८. म्हणजे ८७,८२८ रुपये कर! एका ओळीमुळे जवळजवळ एका महिन्याचा पगार गेला.

याच्या उलट चूकही होते. शासनाचा हिस्सा उत्पन्नात मिळवलेलाच नसतो, पण वजावट मात्र घेतली जाते. ही खोटी वजावट ठरते, आणि पुढे नोटीस येऊ शकते.

कसं तपासायचं?

फॉर्म १६ चा भाग 'ब' घ्या. त्यातला एकूण पगार आणि बारा पगारपत्रकांची बेरीज ताडून बघा. फॉर्म १६ मधला आकडा शासनाच्या हिश्श्याइतका जास्त असेल, तर तो मिळवलेला आहे. मग खाली ८०सीसीडी(२) समोर तेवढीच रक्कम दिसलीच पाहिजे. नसेल तर कार्यालयाकडून दुरुस्ती करून घ्या. तेही जमलं नाही तर रिटर्न भरताना स्वतः वजावट घ्या, जास्तीचा कर परत मिळतो. पुरावा म्हणून प्रान खात्याचं वार्षिक विवरण जवळ ठेवा. त्यात शासनाचा हिस्सा वेगळ्या रकान्यात असतो.

एक अडचण लक्षात ठेवा. मागच्या वर्षांचा राहिलेला शासन हिस्सा एकाच वर्षी एकदम जमा झाला, तर तो त्या वर्षीच्या उत्पन्नात येतो. पण वजावट त्या वर्षीच्या वेतनाच्या १४ टक्क्यांपर्यंतच मिळते. वरच्या रकमेवर कर लागू शकतो.

जुनी करप्रणाली घेतली असेल तर

इथे आपल्या १० टक्के हिश्श्याचे दोन भाग करता येतात. वरच्या शिक्षकांचा स्वतःचा हिस्सा १,२०,००० आहे. त्यातले ५०,००० ८०सीसीडी(१बी) मध्ये दाखवायचे. ही सवलत दीड लाखाच्या मर्यादेबाहेरची आहे. उरलेले ७०,००० विमा, गृहकर्जाचं मुद्दल यांच्यासोबत दीड लाखात बसवायचे. तीच रक्कम दोन्हीकडे मात्र दाखवायची नाही.

निवृत्त होताना

समजा, ५८ व्या वर्षी खात्यात ५० लाख जमले. त्यातले ६० टक्के, म्हणजे ३० लाख, एकरकमी मिळतात. कलम १०(१२ए) नुसार त्यावर कर नाही. उरलेल्या २० लाखांची विमा कंपनीकडून वार्षिकी घ्यावी लागते. ती विकत घेताना त्या रकमेवर कर लागत नाही.

पण वार्षिकीतून दरमहा येणारी पेन्शन मात्र करपात्र आहे. वार्षिकीचा दर ६.५ टक्के धरला तर वर्षाला १,३०,००० रुपये येतील, ते पूर्ण उत्पन्नात धरायचे. हातात आलेले ३० लाख बँकेत ठेवले तर त्यांचं व्याजही उत्पन्नात येतं. ७ टक्क्यांनी २,१०,०००. दोन्ही मिळून ३,४०,०००. दुसरं उत्पन्न नसेल तर नवीन प्रणालीत ४ लाखांपर्यंत कर नाही, म्हणून इथे कर शून्यच. पण शेतीबाहेरचं भाडं, शिकवणी असं काही असेल तर ते यात मिळवून बघा. एकरकमी आलेले ३० लाख करमुक्त असले तरी रिटर्नमध्ये सूट असलेलं उत्पन्न म्हणून दाखवायला विसरू नका.

ज्यांनी राज्याच्या सुधारित निवृत्तीवेतन योजनेचा विकल्प दिला आहे, त्यांचं निवृत्तीवेळचं गणित वेगळं असेल. नोकरीत असतानाचे वरचे नियम त्यांनाही तेच.

ता. क. : वरची कलमं १९६१ च्या आयकर कायद्यातली आहेत. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा, २०२५ लागू होत असल्याने पुढच्या फॉर्मवर कलमांचे क्रमांक वेगळे दिसतील. तेव्हा क्रमांकावर न जाता 'पेन्शन योजनेतील नियोक्त्याचे अंशदान' ही ओळ शोधा.