वरणाचं पाणी नको, वरण द्या: सहा ते चोवीस महिन्यांच्या बाळाचा वरचा आहार

तुमच्या हातात जे पत्रक दिलं आहे, त्यातली दुसरीच ओळ अशी आहे: ‘चमचा तिरका केला तरी घरंगळणार नाही, इतकं घट्ट.’ आज आपण मुख्यतः या एका ओळीबद्दल बोलणार आहोत.

सहा महिने पूर्ण झाले, की बाळाला आईचं दूध चालू ठेवून वरचं अन्न सुरू करायचं. इथपर्यंत बहुतेकांना माहीत असतं. पण सुरुवात कशानं होते? वरणाचं पाणी, भाताची पेज, डाळिंबाचा रस. पचायला हलकं म्हणून आपण पातळ देतो. अडचण अशी, की बाळाचं पोट लहान असतं. वजनाच्या दर किलोमागे साधारण 30 मिली एवढीच त्याची जागा. ती पाण्यानं भरली, तर अन्नाला जागाच उरत नाही. बाळ तृप्त दिसतं, पण त्याला मिळालेलं फार थोडं असतं.

आपण हिशोबच करून पाहू. आठ महिन्यांचं, आईचं दूध पिणारं बाळ घ्या. त्याला दिवसाला साधारण 600 कॅलरी लागतात. त्यांतल्या 400 च्या आसपास दुधातून येतात. उरलेल्या 200 वरच्या अन्नातून यायला हव्यात.

दोन लहान चमचे, म्हणजे दहा ग्रॅम तांदूळ घेऊन 150 मिलीची एक वाटी पेज केली, तर तीत 35 कॅलरी असतात. 200 कॅलरींसाठी अशा जवळजवळ सहा वाट्या पाजाव्या लागतील. कुठलंही बाळ त्या पिणार नाही, आणि प्यालंच तर आईचं दूध कमी पिईल.

आता तेवढेच तांदूळ घ्या, त्यात एक चमचा मूगडाळ घाला आणि चांगली मऊ, घट्ट खिचडी शिजवा. चमच्यानं घोटून वर अर्धा चमचा साजूक तूप घाला. ही अर्धी वाटी होते आणि तीत साधारण 75 कॅलरी असतात. अशी खिचडी दोनदा आणि मध्ये अर्धं केळं कुस्करून दिलं, की 200 चा हिशोब पुरा होतो. वेगळं शिजवायलाच हवं असंही नाही. घरच्या वरणाला फोडणी देण्यापूर्वी आणि मीठ घालण्यापूर्वी तळाचं घट्ट वरण काढून घ्या, गुरगुट्या भातात कालवा. वर्षापर्यंत मीठ-साखर घालायची गरज नाही. मध तर वर्षाच्या आत अजिबात नको.

‘घट्ट दिलं तर घशात अडकेल’ ही भीती आम्हांला नेहमी ऐकू येते. नवीन घास आला की बाळ ओकारी काढल्यासारखं करतं, जीभ बाहेर काढतं, खोकतं. आवाज येत असतो, तोवर ते घास सांभाळायला शिकतंय. खरा घास अडकला, तर आवाज आणि श्वास बंद पडतो. ते होतं अख्खे शेंगदाणे, फुटाणे, द्राक्षं यांनी, घोटलेल्या खिचडीनं नाही. म्हणून बाळाला बसवून भरवा आणि समोर थांबा. मिक्सरमधून गंधासारखं वाटणंही आठव्या-नवव्या महिन्यानंतर बंद करा. गुठळ्या चावायची सवय उशिरा लागली, तर पुढे बाळ पोळीचा तुकडा थुंकून टाकतं.

पण घट्टपणानं एक गोष्ट साधत नाही, ती म्हणजे लोह. सहा महिन्यांनंतर जन्मतःचा साठा संपत येतो आणि दुधात लोह फारच कमी असतं. खात असाल तर काटे काढलेले मासे, खिमा, अंडं रोजच्या घासात येऊ द्या. शाकाहारी घरात डाळ आणि पालेभाजी घोटून त्यावर लिंबाचे दोन थेंब पिळा, त्यानं लोह जास्त शोषलं जातं. तरीही लोहाचं औषध लागेल का, हे डॉक्टरांना विचाराच.

पुढे प्रमाण वाढत जातं. सुरुवातीला दोन-तीन मोठे चमचे, दिवसातून दोन-तीनदा. नऊ महिन्यांनंतर 125 मिली, तीन-चार वेळा. वर्षानंतर पाऊण ते पूर्ण पेला, म्हणजे 250 मिलीपर्यंत, शिवाय मधे एक-दोनदा खाऊ. वरणात कुस्करलेली पोळी, उपमा, थालीपीठ, जे घरात शिजतं तेच. आईचं दूध दोन वर्षांपर्यंत चालू द्या.

हे पुरतंय का, हे वाटीवरून नाही, वजनावरून कळतं. अंगणवाडीतल्या तक्त्यावर दर महिन्याला खूण करून घ्या. रेघ दोन महिने आडवी राहिली, तर आधी चमचा तिरका करून पाहा, आणि त्याच आठवड्यात बाळाला दाखवून आणा.