‘जुने’ आणि ‘नवे’ यांच्यामध्ये राहून गेलेली तारीख

नशिराबादहून जळगावला आर्टिकलशिपसाठी ये-जा करणाऱ्या एका विद्यार्थ्याने मला त्याची वही दाखवली. पानाच्या मधोमध रेघ, डावीकडे ‘जुनी तरतूद’, उजवीकडे ‘नवी’. अक्षर सुरेख होते. भांडवली नफ्याच्या पानावर त्याने लिहिले होते: ‘आधी २० टक्के, इंडेक्सेशनसह. आता १२.५ टक्के, इंडेक्सेशन बंद.’ हे वाक्य अर्धेच खरे आहे, आणि परीक्षेत गुण जातात ते उरलेल्या अर्ध्यावर.

गैरसमज: जमिनीवरचे इंडेक्सेशन संपले.

ही समजूत पसरली तिचे कारण सोपे आहे. २३ जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात विधेयक आले तेव्हा तसेच होते, आणि अनेकांनी नोट्स त्याच आठवड्यात काढल्या. पुढे ऑगस्टमध्ये लोकसभेत विधेयक मंजूर होताना दुरुस्ती झाली. वही मात्र विधेयकावरच थांबली. म्हणून नोट्स काढायच्या त्या मंजूर झालेल्या कायद्यावरून, भाषणावरून नव्हे.

दुरुस्ती अशी. जमीन किंवा इमारत २३ जुलै २०२४ पूर्वी घेतलेली असेल, त्या तारखेला किंवा नंतर विकली असेल आणि विकणारा निवासी व्यक्ती किंवा हिंदू अविभक्त कुटुंब असेल, तर दोन्ही पद्धतींनी कर काढून पाहायचा. १२.५ टक्क्यांनी येणारा कर जुन्या पद्धतीच्या करापेक्षा जास्त निघाला, तर जादा रक्कम सोडून द्यायची. कंपनी, भागीदारी संस्था आणि अनिवासी यांना ही सवलत नाही.

नशिराबादमधला एक बिनशेती प्लॉट घेऊ. डिसेंबर २०१० मध्ये ५ लाखांना घेतला, ऑक्टोबर २०२४ मध्ये १५ लाखांना विकला. नव्या पद्धतीने नफा १० लाख, कर १,२५,०००. जुन्या पद्धतीने निर्देशांक १६७ वरून ३६३ वर गेला, म्हणून खरेदी किंमत १०,८६,८२६ धरायची. नफा ४,१३,१७४ आणि कर ८२,६३५ (सेस बाजूला ठेवला आहे). वरचे ४२,३६५ सोडायचे.

आता तोच प्लॉट १० लाखांनाच गेला असे धरा. नव्या पद्धतीने ५ लाखांवर ६२,५०० रुपये कर येतो. जुन्या पद्धतीने ८६,८२६ चा तोटा दिसतो, म्हणजे कर शून्य, म्हणून सगळे ६२,५०० सुटतात. इथे विद्यार्थी हमखास एक पाऊल जास्त टाकतो आणि तो तोटा पुढच्या वर्षी ओढतो. तसे करता येत नाही. सवलत फक्त कराच्या रकमेला आहे. उत्पन्न म्हणून नफा ५ लाखच राहतो. हाच व्यवहार १० जुलै २०२४ ला झाला असता तर जुनाच नियम लागून तोटा खरोखरच पुढे नेता आला असता. एकच आर्थिक वर्ष, एकच प्लॉट, पण उत्तरे दोन. दोन रकान्यांच्या वहीत ही तारीख लिहायला जागाच नसते.

जाता जाता: १ एप्रिल २००१ पूर्वीच्या मालमत्तेला त्या दिवसाचे बाजारमूल्य खरेदी किंमत म्हणून घेण्याची मुभा कायम आहे. इंडेक्सेशनबरोबर तीही गेली, असे लिहिलेले मी पाहिले आहे.

गैरसमज: छोट्या कंपनीची मर्यादा म्हणजे पाठ करायचे दोन आकडे.

जळगावच्या एमआयडीसीतली एक काल्पनिक डाळ मिल घ्या: प्रायव्हेट लिमिटेड, वसूल भांडवल ३ कोटी, मागच्या वर्षाची उलाढाल ४५ कोटी. १५ सप्टेंबर २०२२ पासूनची मर्यादा ४ कोटी आणि ४० कोटी होती. भांडवल बसते, उलाढाल बसत नाही, म्हणून ती छोटी कंपनी नव्हे. दोन्ही अटी एकत्र पाळाव्या लागतात. मूळ कलमात ‘किंवा’ होते, २०१५ मध्ये त्याचे ‘आणि’ झाले, आणि जुन्या पुस्तकांतला तो ‘किंवा’ अजून फिरतो आहे. १ डिसेंबर २०२५ पासून मर्यादा १० कोटी आणि १०० कोटी झाली. आता तीच मिल छोटी कंपनी ठरते: वर्षात चारऐवजी दोन संचालक सभा पुरतात आणि रोख प्रवाह पत्रक जोडावे लागत नाही. मात्र ती दुसऱ्या कंपनीची उपकंपनी असेल तर आकडे कितीही लहान असले तरी उपयोग नाही.

मग परीक्षेत कोणते आकडे लिहायचे? इथे तिसरी तारीख येते: इन्स्टिट्यूटने त्या सत्रासाठी जाहीर केलेली कट-ऑफ. ती ३१ ऑक्टोबर २०२५ असेल, तर डिसेंबरची दुरुस्ती त्या पेपरला लागू नाही आणि ४ व ४० हेच बरोबर. ऑफिसात त्याच दिवशी अशीलाला १० आणि १०० सांगायचे, पेपरात ४ आणि ४० लिहायचे. आर्टिकलशिप करणाऱ्यांची खरी गोची होते ती इथेच.

त्या मुलाने मधली रेघ खोडली आणि दोन रेघा ओढल्या. नवा मधला रकाना जरा अरुंदच झाला. त्यात त्याने पहिले लिहिले, ‘२३.०७.२०२४, विक्रीची तारीख’.