कुट्टक: बाकीवरून संख्या शोधण्याची रीत

एखाद्या संख्येला ८ ने भागले तर बाकी ५ उरते, ९ ने भागले तर ४ आणि ७ ने भागले तर १. ती संख्या कोणती? पहिल्या भास्कराने इ.स. ६२९ मध्ये आर्यभटीयावर भाष्य लिहिले, त्यातले हे उदाहरण आहे. आर्यभटाने इ.स. ४९९ मध्ये गणितपादाच्या शेवटच्या दोन श्लोकांत जी रीत सांगितली होती, तिच्या स्पष्टीकरणासाठी ते आले. पुढे या रीतीला कुट्टक हे नाव पडले. ग्रहांच्या फेऱ्यांचे पूर्ण अंक मागे पडतात आणि हाती फक्त उरलेला अंश राहतो. अशा वेळी युगारंभापासून किती दिवस लोटले हे काढायचे असेल, तर ज्योतिर्गणिताला नेमका हाच प्रश्न पडत असे.

आजच्या भाषेत हा प्रश्न समशेष समीकरणांचा आहे. दोन संख्यांना एकाच भाजकाने भागल्यावर सारखीच बाकी उरत असेल, तर त्या संख्या त्या भाजकापुरत्या समशेष होत. ७ हा भाजक धरला तर १०, १७ आणि ८५७ या साऱ्या समशेष, कारण प्रत्येकीची बाकी ३ येते. अशा भाजकाला मापांक म्हणतात. समशेषतेसाठी वापरले जाणारे ≡ हे चिन्ह गाउसने १८०१ मधल्या आपल्या ग्रंथात रूढ केले. बेरीज, वजाबाकी आणि गुणाकार करताना कोणत्याही संख्येच्या जागी तिची बाकी घेतली तरी चालते, आणि सारी सोय यातच आहे. अडचण फक्त भागाकाराची आहे. ३७क्ष ≡ ३६ (मापांक ६३) असे समीकरण समोर असले, तर दोन्ही बाजूंना ३७ ने भागून अपूर्णांक लिहिता येत नाही. येथे फक्त पूर्णांकांना जागा आहे.

त्यामुळे भागण्याऐवजी गुणायचे. ज्या संख्येने ३७ ला गुणल्यावर ६३ ने भागून बाकी १ उरते, ती ३७ चा गुणाकार व्यस्त. ती हाती आली की दोन्ही बाजूंना तिने गुणायचे, म्हणजे डावीकडे नुसता क्ष उरतो. एकेक संख्या तपासूनही व्यस्त सापडेल, पण मापांक शंभर अंकी असेल तर ते जन्मात होणार नाही. म्हणून मसावि काढण्याची युक्लिडची भागाकार रीत घ्यायची आणि तिच्या प्रत्येक पायरीला एक जादा अंक जोडायचा.

हे समीकरण दुसऱ्या भास्कराचार्यांच्या, इ.स. ११५० मधल्या लीलावतीतून येते. १०० ला कोणत्या संख्येने गुणून ९० मिळवले की बेरजेला ६३ ने निःशेष भाग जाईल, असा तेथला प्रश्न आहे. त्यांच्या परिभाषेत १०० हा भाज्य, ६३ हा हार आणि ९० हा क्षेप. (भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने मठ उभारल्याची नोंद चाळीसगावजवळच्या पाटण येथील १२०७ च्या शिलालेखात आहे.) ६३ ने भागल्यावर १०० ची बाकी ३७ आणि ९० ची २७. म्हणजे ३७क्ष + २७ ही ६३ ची पट हवी. २७ पलीकडे नेले की उणे २७ होतात, आणि त्यांत ६३ मिळवले की ३६. वरचे समीकरण असे तयार झाले.

आता ६३ ला ३७ ने भागायचे, मग प्रत्येक वेळी आधीच्या भाजकाला नव्या बाकीने भागत जायचे. सोबत प्रत्येक बाकी ही ३७ ची किती पट आहे याचा हिशेब ठेवायचा. ६३ च्या पटी मोजायच्या नाहीत, कारण शेवटी ६३ नेच भागायचे असल्याने त्या आपोआप गळून पडतात. सुरुवातीला ६३ चा अंक ० आणि ३७ चा अंक १.

६३ − १ × ३७ = २६, अंक ० − १ × १ = −१
३७ − १ × २६ = ११, अंक १ − १ × (−१) = २
२६ − २ × ११ = ४, अंक −१ − २ × २ = −५
११ − २ × ४ = ३, अंक २ − २ × (−५) = १२
४ − १ × ३ = १, अंक −५ − १ × १२ = −१७

प्रत्येक ओळीत दोन्हीकडे एकच क्रिया चालते. बाक्यांवर जी वजाबाकी होते, तीच त्यांच्या अंकांवरही होते. शेवटची ओळ सांगते की ३७ ची −१७ पट घेतली तर बाकी १ उरते. ऋण संख्या नको असेल तर तिच्यात ६३ मिळवून ४६ घ्यावे. पडताळा सोपा आहे: ३७ × ४६ = १७०२ आणि ६३ × २७ = १७०१. आता ४६ × ३६ = १६५६ आणि त्याला ६३ ने भागून बाकी १८. लीलावतीतले उत्तरही १८ च आहे, कारण १०० × १८ + ९० = १८९० म्हणजे ६३ ची तीसपट. त्यानंतरची उत्तरे ६३ च्या अंतराने येत राहतात: ८१, १४४ आणि पुढे.

या रीतीत चूक होते ती बहुधा चिन्हात. धन अंकातून ऋण पट वजा करताना बेरीज व्हायला हवी, तेथे घाईत वजाबाकी होते आणि पुढचे सारे अंक बिघडतात. अंक एक ओळ सोडून धन-ऋण होत जायला हवेत, म्हणजे −१, २, −५, १२, −१७ असे. ही आलटापालट मोडली की चूक नेमकी कोणत्या ओळीत आहे ते लगेच दिसते.

शेवटची बाकी १ आली नाही तर काय? लीलावतीतले दुसरे उदाहरण यासाठीच आहे. २२१ ला कशाने गुणून ६५ मिळवले की बेरजेला १९५ ने निःशेष भाग जाईल? येथे २२१ आणि १९५ यांचा मसावि १३ आहे, त्यामुळे १९५ या मापांकासाठी २२१ ला व्यस्तच नाही. मात्र ६५ लाही १३ ने भाग जातो, म्हणून तिन्ही संख्यांना १३ ने भागता येते. उरते १७क्ष + ५ आणि हार १५, म्हणजेच २क्ष ≡ १० (मापांक १५). २ चा व्यस्त ८, आणि ८ × १० = ८० ची बाकी ५. उत्तर ५, मग २०, ३५ असे पंधराच्या टप्प्याने. १९५ च्या आत अशी तेरा उत्तरे बसतात. ६५ च्या जागी ६६ असते तर एकही उत्तर नसते, कारण २२१ ची कोणतीही पट आणि १९५ ची कोणतीही पट यांच्यातला फरक १३ च्या पटीतच राहतो. अशा प्रश्नाला भास्कराचार्यांनी सरळ दुष्ट म्हटले आहे. म्हणून आकडेमोडीला हात घालण्याआधी मसावि क्षेपाला भागतो का, एवढे बघून घ्यावे.

एक समीकरण सुटले की अनेक समीकरणे एकत्र सोडवायला नवे काही लागत नाही. सुरुवातीच्या उदाहरणात ८, ९ आणि ७ या भाजकांपैकी कोणतेही दोन परस्परांशी सहमूळ आहेत आणि त्यांचा गुणाकार ५०४ आहे. शोधायचे ते तीन आधारांक. त्यातला पहिला असा हवा की त्याला ८ ने भागून बाकी १ उरेल, पण ९ आणि ७ यांनी निःशेष भाग जाईल. तो ९ × ७ = ६३ ची पट असणार हे उघड आहे. ६३ ची ८ ने बाकी ७, आणि ८ या मापांकासाठी ७ चा व्यस्त ७ च, कारण ४९ ची बाकी १. म्हणून पहिला आधारांक ६३ × ७ = ४४१. दुसऱ्यासाठी ८ × ७ = ५६ घ्यावे. त्याची ९ ने बाकी २ आणि २ चा व्यस्त ५, म्हणून २८०. तिसऱ्यासाठी ८ × ९ = ७२. त्याची ७ ने बाकी २, व्यस्त ४, म्हणून २८८.

आता ५ × ४४१ + ४ × २८० + १ × २८८ = ३६१३. ५०४ ने भागले की बाकी ८५, आणि हेच उत्तर. ८५ ला ८ ने भागून ५, ९ ने भागून ४, ७ ने भागून १. उत्तर ५०४ च्या आत एकच असते, याचे कारण मोजदादीत सापडते. ० ते ५०३ मधल्या कोणत्याही दोन संख्यांच्या तिन्ही बाक्या जुळल्या, तर त्यांच्यातल्या फरकाला ८, ९ आणि ७ या तिन्हींनी, म्हणून ५०४ नेही, भाग जाईल. पण तो फरक ५०४ पेक्षा लहान आहे. त्यामुळे बाक्यांच्या ५०४ त्रिकुटांना ५०४ संख्या एकास एक जुळतात.

या नियमाला चिनी शेष सिद्धान्त म्हणतात. सुनत्झच्या जुन्या चिनी गणितग्रंथात ३, ५ आणि ७ या भाजकांचे असेच उदाहरण आहे, आणि १२४७ मध्ये छिन जिउशाओने त्याची सर्वसाधारण रीत दिली. कुट्टकाची वाट थोडी वेगळी आहे. ती दोन-दोन अटी जोडत जाते. पहिल्या अटीवरून संख्या ८अ + ५ लिहायची. तिला ९ ने भागून ४ उरायला हवेत, म्हणून ८अ ≡ ८ आणि अ = १. दोन अटी पाळणारी संख्या १३ मिळाली, आणि यापुढे ती ७२ च्या टप्प्याने वाढेल. १३ + ७२ब ला ७ ने भागून १ उरायला ब = १, म्हणजे पुन्हा ८५. हाताने एकच उदाहरण करायचे तर ही वाट जवळची. पण भाजक तेच ठेवून बाक्या वारंवार बदलत असतील तर आधारांकांची रीत सरस आहे, कारण ४४१, २८० आणि २८८ एकदाच काढावे लागतात.

भाजक परस्पर सहमूळ नसले तर आधारांक निघत नाहीत. १२ ने भागून ७ आणि १८ ने भागून १, अशी अट घ्या. येथे १८ ची १२ ने बाकी ६ येते आणि तिला व्यस्त नाही, कारण भागाकार १ वर न थांबता ६ वर थांबतो. अशा वेळी मसावि ६ घेऊन दोन्ही बाक्या पडताळायच्या. ७ आणि १ यांच्यातला फरक ६ ची पट आहे, म्हणून उत्तर आहे: १९. ते २१६ च्या नव्हे, ३६ च्या, म्हणजे लसाविच्या टप्प्याने पुन्हा येते. १८ ची बाकी १ ऐवजी २ असती तर पहिली अट संख्या विषम म्हणते आणि दुसरी सम. मग उत्तर शोधायचे कारणच उरत नाही.

आज ही आकडेमोड संगणकाच्या सुरक्षित संवादात चालते. आरएसए पद्धतीच्या खासगी किल्लीत दोन प्रचंड मूळ संख्या `p` आणि `q` असतात. गुप्त संदेश उलगडताना त्यांच्या गुणाकाराने एकदम गणित करण्याऐवजी `p` आणि `q` यांच्या बाक्या वेगवेगळ्या काढून शेष सिद्धान्ताने जोडल्या की काम साधारण चौपट वेगाने होते. जोडणीसाठी लागणारा, `p` या मापांकासाठीचा `q` चा गुणाकार व्यस्त आधीच काढून त्याच किल्लीत ठेवलेला असतो. `openssl` ने किल्ली उघडून पाहिली तर तो शेवटी `coefficient` या नावाखाली दिसतो.