पगार कोण देणार?

16 जुलै 2024 रोजी मुंबईत कलिना भागात विमानतळावरच्या कामांसाठी थेट मुलाखती होत्या. जागा सुमारे 2,200. बातम्यांनुसार उमेदवार आले 25 हजारांच्या घरात, त्यांत बुलढाण्याहून आलेलेही होते. रेटारेटी एवढी वाढली की बायोडाटा इथे ठेवा आणि घरी जा, असं सांगण्याची वेळ आली. म्हणजे एसटीचं भाडं घालून जे काम झालं, ते पोस्टानेही झालं असतं.

ही गर्दी जाहिरात वाचूनच ओळखता येण्यासारखी होती. कामाला शिक्षणाची अट थोडी, अनुभव नको आणि आधी नावनोंदणी नाही, या तीन गोष्टी एकत्र आल्या की मुलाखत नावापुरतीच उरते. याउलट ‘सीएनसी ऑपरेटर, आयटीआय, दोन वर्षं अनुभव, जागा 12’ अशी नेमकी जाहिरात असेल आणि यायची वेळ ठरवून दिली असेल, तर समोर बसलेल्या माणसाला खरोखर कुणीतरी हवं आहे असं समजावं. तिथे जागा कमी असल्या तरी जाण्यात अर्थ आहे.

रोजगार मेळाव्याचं गणित जरा वेगळं. जिल्हा कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्रांतर्फे भरणाऱ्या मेळाव्यांची माहिती महास्वयम पोर्टलवर मिळते, आणि तिथे उमेदवाराकडून पैसे घेतले जात नाहीत. जाहिरातीवरचा ‘हजारो पदे’ हा मोठा आकडा सोडून द्यावा आणि कंपनीनिहाय यादी शोधावी. त्यात आपल्या शिक्षणाला जुळणारी पदं किती आणि ती कोणत्या गावात, एवढंच मोजायचं. अशा तीन-चार कंपन्या निघाल्या तर दिवस घालवायला हरकत नाही. यादीच जाहीर नसेल, तर आयोजकांना फोन करून विचारावं; उत्तर गोलमोल आलं तर घरी बसलेलं बरं.

खरी चाळण लागते ती स्टॉलसमोर. फलकावर मोठ्या कारखान्याचं नाव असतं, पण टेबलामागे पुष्कळदा मनुष्यबळ पुरवणाऱ्या ठेकेदाराचा माणूस बसलेला असतो. त्यात बेकायदा काही नाही. फक्त नोकरी कारखान्याची नसून ठेकेदाराची असते. म्हणून पहिला प्रश्न पगार किती हा नसावा. ‘ऑन रोल की ठेकेदाराच्या पेरोलवर? नेमणूकपत्रावर कुणाचं नाव येणार?’ हे आधी विचारावं. ठेकेदाराचं पूर्ण नाव मिळालं, की ईपीएफओच्या संकेतस्थळावर आस्थापनेचा शोध घेता येतो. कोणत्या महिन्यात किती कामगारांचा पीएफ भरला, हे तिथे दिसतं. पाचशे माणसं पुरवतो म्हणणाऱ्याच्या नावावर तीसच सदस्य दिसले, तर पुढे बोलण्यासारखं फारसं उरत नाही. कधी कधी ‘नोकरी’ म्हणून शिकाऊ उमेदवारी देऊ केली जाते. शिकण्यासाठी ती वाईट नाही, पण तिथे पगाराऐवजी विद्यावेतन असतं आणि मुदत संपल्यावर कामावर ठेवण्याचं बंधन कंपनीवर सहसा नसतं.

आता पगार. समजा, वाळूजच्या कारखान्यासाठी डिप्लोमाधारकाला ‘अठरा हजार सीटीसी’ सांगितले. त्यातला दरमहाचा पगार 15 हजार आणि तो सगळा पीएफसाठी धरला, तर मालकाचा पीएफ व त्यावरचे आकार मिळून 1,950 रुपये, ईएसआयचे 488 आणि वर्षाकाठी मिळणाऱ्या बोनसचा महिन्याचा वाटा साधारण 583, असे तीन हजार त्या आकड्यात आधीच मोजलेले असतात. उरलेल्या 15 हजारांतून मुलाच्या वाट्याचा पीएफ 1,800, ईएसआय 113 आणि व्यवसाय कर 200 कापला जातो. हातात पडतात 12,887. खोलीभाडं आणि मेस यातूनच. कंपनीची बस आहे का, कँटीनचे पैसे कापतात का आणि सांगितलेल्या आकड्यात ओव्हरटाइम धरलाय का, हे विचारायला म्हणूनच लाजू नये. पीएफचे पैसे बुडीत नसतात, हे खरं. पण घरमालक ते भाड्यात धरत नाही.

काही स्टॉलांवर थांबूच नये. प्रशिक्षण शुल्क, गणवेशाचं डिपॉझिट किंवा ‘फाइल चार्ज’ मागणारे, मूळ गुणपत्रिका ठेवून घेणारे, कामाचं ठिकाण न सांगणारे आणि ‘मार्केटिंग ट्रेनी’ म्हणत फक्त कमिशनवर विक्री करायला लावणारे त्यात आले.

मेळाव्यात मिळणारी ‘प्राथमिक निवड’ ही नोकरी नव्हे. पद, कामाचं ठिकाण, पगाराची फोड आणि पगार देणाऱ्याचं नाव असलेलं पत्र हातात येईपर्यंत सध्याची नोकरी सोडू नका आणि पुढच्या मुलाखतीही रद्द करू नका.