९.८१ नेमकं कुठलं?

पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत एक मीटर लांबीचा लोलक हलतो आहे. झोका तीन अंशांच्या आत. २०० आंदोलनांना ४०१.८ सेकंद लागले, म्हणजे एका आंदोलनाला २.००९. गणित मांडल्यावर गुरुत्वत्वरण आलं ९.७८१ मीटर प्रति सेकंद वर्ग. स्टॉपवॉच आणि मोजपट्टी यांची मिळून अनिश्चितता ०.०११.

आता जर्नलमध्ये ‘चर्चा’ लिहायची. पुस्तकात आहे ९.८१. फरक ०.०२९, म्हणजे जेमतेम ०.३ टक्के. ‘उत्तर जवळ आलं’ असं लिहून वही मिटावीशी वाटते. पण हा फरक आपल्या अनिश्चिततेच्या अडीच पटींहून जास्त आहे. टक्केवारी लहान असली, तरी इतकी तफावत निव्वळ योगायोगानं क्वचितच येते. मग चूक कुणाची?

१६७२ साली फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जाँ रिशे पॅरिसहून विषुववृत्ताजवळच्या कायेनला गेले. पॅरिसमध्ये अचूक चालणारं त्यांचं लोलकाचं घड्याळ तिथे रोज सुमारे अडीच मिनिटं मागे पडू लागलं. घड्याळात बिघाड नव्हता. तिथलं गुरुत्वाकर्षणच कमी होतं! पृथ्वी फिरते आणि विषुववृत्तापाशी फुगलेली आहे, म्हणून ध्रुवांकडून विषुववृत्ताकडे येताना हे मूल्य घटत जातं.

९.८१ हे साधारणपणे पॅरिस-लंडनच्या अक्षांशांवरचं मूल्य. तक्त्यांमधलं ९.८०६६५ तर कुठल्या एका जागेचं मोजलेलं मूल्यच नाही. ते १९०१ साली मापनासाठी ठरवून घेतलेलं प्रमाण आहे. आपला लोलक मात्र साडेअठरा अंश अक्षांशावर, समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर हलतो. अक्षांशाच्या सूत्रातून समुद्रसपाटीला ९.७८६ मिळतं आणि उंचीमुळे ते आणखी थोडं उतरून ९.७८४ च्या आसपास येतं. आता फरक उरतो ०.००३. तो अनिश्चिततेच्या आत सहज मावतो.

पण आपल्या आकड्याशी जुळतं म्हणून हे मूल्य निवडलेलं नाही. अक्षांश आणि उंची लोलक हलवण्याआधीही ठाऊक होती, त्यामुळे संदर्भमूल्यही आधीच ठरवता आलं असतं. तसं ठरवलेलं मूल्य खऱ्या चुका उघड्या पाडतं. झोका दहा अंशांचा घेतला असता तर आंदोलनकाळ वाढून उत्तर ९.७५ च्या खाली गेलं असतं, आणि ९.७८४ च्या शेजारी ती चूक लगेच डोळ्यांत भरली असती.

चर्चेत मग असं लिहावं: ‘मिळालेलं मूल्य ९.७८१ ± ०.०११; या ठिकाणासाठी अक्षांश व उंचीवरून काढलेलं मूल्य ९.७८४, दोन्ही अनिश्चिततेच्या मर्यादेत जुळतात.’ उंचीचा परिणाम आपण मोजला, असं मात्र लिहू नये. तो जेमतेम ०.००२ आहे आणि आपल्या दोरी-गोळ्याला तो दिसत नाही. अक्षांशामुळे पडलेला फरक मात्र त्या साध्या दोरीनं टिपला. पृथ्वी फिरते आणि पूर्ण गोल नाही, याची खूण पुण्यातल्या टेबलाशेजारी उमटली.