काटा माळ्यावर गेला तेव्हा

तिचं वय सव्वीस, नोकरी पुण्यातल्या बँकेत. सकाळी उठल्याबरोबर वजनकाट्यावर उभं राहायचं, हा तिचा नेम. शनिवारी आकडा ५८.४ होता. रविवारी मावसभावाच्या साखरपुड्यात पुरी, श्रीखंड, पापड, लोणचं असं भरपेट जेवण झालं आणि सोमवारी काट्याने ५९.६ दाखवले. मग नाश्ता नुसत्या चहावर भागला, डबा घरीच राहिला आणि अकराच्या सुमाराला काउंटरवरच्या एका आजोबांवर ती विनाकारण खेकसली.

किलोभर चरबी साठायला गरजेपेक्षा साधारण ७,७०० कॅलरी जास्त खाव्या लागतात. म्हणजे सव्वा किलोसाठी नऊ हजारांच्या वर. एका पंगतीत ते होत नाही, श्रीखंड कितीही चापलं तरी! वाढलं होतं ते बरंचसं पाणी. पुरी-साखरेतून आलेली साखर यकृतात आणि स्नायूंत ग्लायकोजेनच्या रूपात साठते आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅममागे सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून ठेवते. पापड-लोणच्यातलं मीठही पाणी अडवतं. पाळीच्या आधी, किंवा पोट साफ नसलं तरी आकडा असाच चढतो.

हे कळल्यावर तिने काटा माळ्यावर टाकला. पण लगेच हलकं वगैरे काही वाटलं नाही. उलट सुरुवातीला तिची चुळबुळ वाढली. जीन्सचं बटण लागतंय का, हे ती दिवसातून चारदा बघू लागली. अशा वेळी काट्याची जागा आरसा किंवा टेप घेतो, आणि तसं झालं तर काटा हलवून काहीच साधत नाही. तिची ती सवय हळूहळू सुटली. बदल लक्षात आला तो आईच्या बोलण्यातून: "हल्ली सकाळी भांडत नाहीस गं."

यात आकडा न दिसण्याचा वाटा किती आणि नाश्ता सुरू झाल्याचा किती, हे वेगळं काढणं कठीण आहे. मला दुसरा वाटा मोठा वाटतो. अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात १९४४-४५ मध्ये अॅन्सेल कीज यांनी ३६ धडधाकट तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवलं होतं. ते चिडचिडे, उदास झाले आणि रात्रंदिवस खाण्याचाच विचार करू लागले.

काटा सगळ्यांनीच टाकावा असं मात्र नाही. हृदय कमजोर असलेल्यांना डॉक्टर रोज वजन करायला सांगतात, कारण अंगात पाणी साठत असल्याची खूण तिथे आधी दिसते. कित्येकांना रोजच्या आकड्याचा काही त्रासही होत नाही. आणि काटा नसतानाही जेवण टाळणं, खाऊन मुद्दाम उलटी करणं किंवा उदासी दोन आठवड्यांहून जास्त टिकणं, यांपैकी काही दिसलं तर मानसोपचारतज्ज्ञाकडे जायला हवं. खाण्याच्या विकारांवरच्या काही उपचारांत वजन करणं बंदही होत नाही. आठवड्यातून एकदा, तज्ज्ञासमोरच, काट्यावर उभं राहायचं असतं.