सरासरी ३.४ म्हणजे नेमकं काय?

मार्च महिन्यात आमच्या मनुष्यबळ विभागाच्या टेबलावर कागद साचतात. वार्षिक मूल्यमापनात आता एकट्या साहेबाचं मत चालत नाही. शेजारच्या टेबलावरचे, दुसऱ्या विभागातले, हाताखालचे अशा सगळ्यांना विचारायचं असतं. कंपन्यांमध्ये त्याला ‘थ्री-सिक्स्टी’ म्हणतात. विचारणं सोपं असतं. आठ जणांनी आठ तऱ्हेनं लिहिलेल्या मजकुरातून एका माणसाबद्दल चार ओळी काढायच्या, तिथे खरी कसरत होते. त्या चार ओळींवर त्या माणसाची पगारवाढ अडकलेली असते.

एका कारखान्यातलं उदाहरण सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. खरेदी विभागातल्या एका बाईंचा फॉर्म माझ्याकडे आला. वाहनांचे सुटे भाग बनवायला लागणारा माल पुरवठादारांकडून वेळेवर आणणं हे त्यांचं काम. आठ सहकाऱ्यांनी पाचपैकी गुण दिले होते. अकाउंट्सच्या दोघांनी ५ आणि ४, स्टोअर्सच्या दोघांनी ४-४, क्वालिटीच्या एकानं ४ आणि प्रॉडक्शनच्या तिघांनी २-२-२. बेरीज २७, सरासरी ३.४. त्यांच्या साहेबांनी तेवढा आकडा पाहिला आणि ‘मध्यम’ लिहून मोकळे झाले.

पण त्या आठ जणांत एकालाही त्या मध्यम वाटल्या नव्हत्या. पाच जणांना चांगल्या वाटल्या, तिघांना वाईट. सरासरीनं दोन्ही मतं पुसली आणि कुणाचंच नसलेलं तिसरं मत तयार केलं. म्हणून मी आधी आकडे गटागटानं मांडते. इतर विभागांचे पाच जण ४.२, प्रॉडक्शन २. आता ‘बाई कशा आहेत’ हा प्रश्न बाजूला पडतो आणि ‘प्रॉडक्शनशीच काय बिनसलंय’ हा नेमका प्रश्न हाती येतो.

गट पाडतानाही एक पथ्य असतं. तिघांपेक्षा लहान गट वेगळा दाखवायचा नाही. क्वालिटीचा एकच माणूस होता. ‘क्वालिटी विभाग : ४’ असं लिहिलं असतं तर त्याचं नाव लिहिल्यासारखंच झालं असतं. म्हणून अकाउंट्स, स्टोअर्स आणि क्वालिटी एकत्र केले. शेरेही जसेच्या तसे उतरवायचे नाहीत. ‘आमच्या तीन नंबरच्या लाईनवर’ एवढ्या शब्दांवरून बाईंनी लिहिणारा ओळखला असता आणि पुढच्या वर्षी त्या माणसानं सगळ्यांना निमूटपणे ४ दिले असते.

गुणांवर किती विसंबायचं, हाही प्रश्न आहेच. स्कलन, माउंट आणि गॉफ या अमेरिकी संशोधकांनी २००० साली चार हजारांहून अधिक व्यवस्थापकांना मिळालेले गुण तपासले. गुणांमधला निम्म्याहून अधिक फरक गुण देणाऱ्याच्या स्वतःच्या सवयीमुळे पडतो, असं त्यांना दिसलं. कुणाचा हात सैल, कुणाचा आखडता. प्रॉडक्शनच्या त्या तिघांपैकी एका सुपरवायझरनं त्याच महिन्यात आणखी चौघांना गुण दिले होते, तेही सगळे २ आणि ३. म्हणजे त्याचा २ आणि अकाउंट्सवाल्यांचा ५ एका तराजूत घालणं चुकीचं. त्यामुळे मी आकड्यांचा उपयोग कुठे शोधायचं एवढं ठरवण्यापुरता करते. काय सापडलं ते शब्दांत असतं.

अर्थात प्रश्न नीट विचारले असतील तरच. ‘त्यांचा स्वभाव कसा आहे’ असं विचारलं की लोक स्वभावाबद्दलच लिहितात, ‘मदतशील’, ‘थोड्या तुटक’. त्याचं पुढे काही करता येत नाही. आमच्या फॉर्मवर दोनच प्रश्न होते. गेल्या वर्षात यांच्यामुळे तुमचं काम सोपं झालं असा एक प्रसंग लिहा. अडलं असा एक प्रसंग लिहा. शक्य तर महिनाही. महिना विचारला नाही तर मार्चमध्ये सगळ्यांना फक्त फेब्रुवारी आठवतो.

प्रॉडक्शनचे शेरे असे होते : ‘माल वेळेवर येत नाही.’ ‘लाईन उभी राहिली तरी यांना फिकीर नाही.’ ‘दसऱ्याच्या तोंडावर अख्खी शिफ्ट वाया गेली.’ वाचताना तीन तक्रारी वाटतात. महिना पाहिला तर तिन्ही ऑक्टोबरच्या. तिघे एकाच दिवसाबद्दल बोलत होते. जेवणाच्या सुट्टीत तो विषय किती वेळा निघाला असेल, देव जाणे. तीन माणसं आणि एक प्रसंग, म्हणजे नोंद एकच. मतं मोजू नयेत, प्रसंग मोजावेत, हे मला या कामात सगळ्यांत उशिरा कळलं.

मग कागद काढले. रबराच्या सीलसाठी प्रॉडक्शननं इंडेंट दिलं ४ तारखेला, माल हवा होता ११ ला. त्या पुरवठादाराची ठरलेली मुदत दहा दिवसांची. बाईंनी पर्चेस ऑर्डर दुसऱ्याच दिवशी काढली होती आणि १४ ला माल गेटवर आला होता. मागणीच उशिरा झाली होती. इथेच थांबून ‘आरोप खोटा’ असं लिहायचा मोह मला झाला. पण तिघांचा राग पूर्ण पोकळ कसा असेल? म्हणून वर्षभरातल्या उशिरा आलेल्या मालाचे ईमेल पाहिले. ऑक्टोबरसह तीन वेळा पुरवठादारानं दोन दिवस आधी उशिराची कल्पना दिली होती. तिन्ही वेळा ती बाईंपाशीच राहिली. आधी कळलं असतं तर लाईनवर दुसरा जॉब लावता आला असता. खरेदी ठीक होती, निरोप अडला होता. प्रॉडक्शनवाल्यांना दुखत होतं ते खरं, फक्त कारण त्यांनी चुकीचं सांगितलं होतं.

साहेबांच्या पहिल्या मसुद्यात होतं, ‘संवादकौशल्य सुधारणे आवश्यक.’ असं वाक्य कुणालाही चिकटवता येतं आणि वाचून कुणाला काही कळत नाही. आम्ही ते बदललं : ‘पुरवठादाराकडून उशीर कळल्यावर त्याच दिवशी प्रॉडक्शनला कळवावे, वर्षात तीन वेळा असे झाले नाही.’ त्याच्या वर एक ओळ घातली : ‘ऑर्डर, आवक आणि बिल यांचा ताळमेळ चोख, अकाउंट्सला बिलासाठी मागे लागावे लागले नाही.’ मूल्यमापनात चांगलं काम नेहमी गोल शब्दांत आणि चुका तारखेसकट लिहिल्या जातात. दोन्ही सारख्याच नेमकेपणानं लिहायला हव्यात.

अंतिम सही होण्याआधी हे सगळं बाईंसमोर ठेवलं. सरकारी खात्यांत पूर्वी ‘गोपनीय अहवाल’ गोपनीयच असायचा, प्रतिकूल शेराच काय तो कळवत. सीमा रस्ते संघटनेतले अभियंता देव दत्त यांना एका वर्षी ‘चांगला’ असा शेरा मिळाला होता, पण बढतीसाठी ‘फार चांगला’ लागत होता. ‘चांगला’ प्रतिकूल नाही, म्हणून तो त्यांना कळवलाच नव्हता आणि बढती हुकली. २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला की कोणताही शेरा असो, तो ज्याच्याबद्दल आहे त्याला कळवलाच पाहिजे. खासगी कंपनीला तो निकाल तसाच लागू होत नाही, पण आम्ही तो नियम पाळतो.

बाईंनी कागद दोनदा वाचला. ऑक्टोबरचं इंडेंट उशिरा आलं होतं, हे त्यांनी लगेच सांगितलं, आणि तसं लिहिलेलं दाखवल्यावर गप्प झाल्या. मग म्हणाल्या, “मॅडम, मला वाटायचं गाडी येईलच संध्याकाळपर्यंत. उगाच आधीपासून कशाला ओरडा खायचा?”

हे वाक्य आठांपैकी एकाही फॉर्ममध्ये नव्हतं. प्रॉडक्शनच्या प्रमुखांना बोलावून, उशीर आधी कळवला तर ओरडायचं नाही, एवढं कबूल करून घेतलं. ते मात्र कोणाच्या मूल्यमापनात लिहायचं, ते त्या वर्षी ठरलं नाही.